"शेवटच्या दिवसापर्यंत १००% इक्विटी": दादाच्या फॉरवर्डला उत्तर

"ध्येय जवळ आलं की इक्विटी कमी करा हा घाबरटांचा सल्ला. १) कंपाउंडिंगची खरी मलई शेवटच्या ३-४ वर्षांतच मिळते. २) मार्केट पडलं तरी परत वर येतंच. ३) दरवर्षी विकलं तर टॅक्समध्येच सगळं जातं. ४) डेटमधला पैसा महागाई खाते. शेवटच्या दिवसापर्यंत १००% इक्विटी!"

हे फॅमिली ग्रुपवर आलं तेव्हा मी नेहमीसारखं सोडून दिलं असतं, पण खाली दादाने लिहिलं होतं, "पटलं. मी पण तसंच ठेवतोय." दादाची मुलगी आत्ता अकरावीत गेलीय, दोन वर्षांनी इंजिनिअरिंग, आणि फीसाठी जमवलेले १८ लाख सगळेच्या सगळे इक्विटी फंडात. म्हणून हे टाइप करत बसलोय.

आधी मलईचा मुद्दा, कारण सगळ्यात जास्त नुकसान हाच करणार आहे. अर्धं खरंय, मान्य. शेवटच्या वर्षांत रक्कम मोठी असते म्हणून १२ टक्के वाढले तरी आकडा डोळ्यात भरतो. पण अरे, रक्कम मोठी असते म्हणजे पडल्यावर खड्डाही तेवढाच मोठा पडतो ना! एसआयपी सुरू केल्यावर दुसऱ्या वर्षी मार्केट ३८ टक्के पडलं तर लाखभरातले ३८ हजार कागदावर जातात, आणि पुढे तेरा वर्षं स्वस्तात युनिट मिळत राहतात. तेच शेवटच्या वर्षी झालं तर १८ लाखाचे ११ लाख १६ हजार होतात, आणि महिन्याच्या १० हजाराच्या एसआयपीने ते भरून काढायला वेळच उरलेला नसतो. आणि ३८ हा आकडा मी हवेतून काढलेला नाही, जानेवारी ते मार्च २०२० मध्ये निफ्टी साधारण तेवढाच पडला होता, दोन-सव्वादोन महिन्यांत.

"पण नोव्हेंबरपर्यंत वर आलं होतं की!" दादाचा फोनवर लगेच प्रश्न. आलं होतं. आता २००८ बघू. जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१ हजाराला टेकला आणि ऑक्टोबरमध्ये साडेआठ हजाराच्या आसपास होता. परत २१ हजार दिसले ते २०१० च्या दिवाळीत, तेही जेमतेम शिवून खाली, आणि मग थेट २०१३ ची दिवाळी. डिव्हिडंड धरला तर चित्र थोडं बरं दिसतं, पण थोडंच. वर येतं हे खरंच आहे, कधी येतं ते कोणी सांगत नाही. आणि इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडला सीट लागली की फी भरायला मोजके दिवस मिळतात, तिथं "सर, निफ्टी वर आला की भरतो" चालत नाही. युरोप ट्रिप असेल तर ढकला पुढे दोन वर्षं, माझं काहीच म्हणणं नाही.

आता करायचं काय. मी वापरतो ते वेळापत्रक साधं आहे: पैसे लागायला ५ वर्षं असतील तर ६० टक्के इक्विटी, ४ असतील तर ४५, ३ ला ३०, २ ला १५, आणि शेवटचं एक वर्ष शून्य. हे आकडे काही वेदवाक्य नाहीत, कोणी ७० वरून उतरेल कोणी ५० वरून, पण शेवटचं शून्य मात्र सोडू नका.

यात बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. इंजिनिअरिंगची फी एका दिवशी लागत नाही, चार वर्षं चार वेळा लागते. दादाचे १८ लाख म्हणजे साडेचार लाखांचे चार डबे: पहिला दोन वर्षांनी उघडायचा, मग तीन, चार, पाच. प्रत्येक डब्याला त्याची त्याची उरलेली वर्षं लावली तर १५, ३०, ४५ आणि ६० टक्के, म्हणजे एकूण इक्विटी पावणेसात लाख आणि बाकीचे सव्वाअकरा लाख डेटमध्ये, म्हणजे एफडी किंवा लिक्विड फंडासारख्या ठिकाणी. दादाने उशीर केलाय म्हणून पहिली पायरीच एवढी उंच आहे, वेळेत सुरू केलं असतं तर हळूहळू उतरला असता.

"आणि नेमकं पडलेलं असताना विकावं लागलं तर?" हा प्रश्न मात्र चांगला होता. समजा आज हे करून टाकलं आणि वर्षभरात इक्विटी ३८ टक्के पडली. पावणेसातचे साधारण ४.१८ लाख राहतील, डेट साडेसहा टक्क्यांनी वाढून १२ लाखाच्या जवळ जाईल, एकूण १६.१७ लाख. तेव्हा डब्यांचे टक्के ०, १५, ३०, ४५ झालेले असतील, सरासरी साडेबावीस, म्हणजे इक्विटी हवी ३.६४ लाख. विकायचे फक्त ५५ हजारांच्या आसपास! कारण पडल्यामुळे टक्का आपोआपच खाली आलेला असतो. उलट २० टक्के वाढलं तर साडेतीन लाखांहून जास्त विकायला निघतात. म्हणजे हे वेळापत्रक महागात जास्त आणि स्वस्तात कमी विकतं, आणि वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, बातम्या न बघता.

टॅक्सवाला मुद्दा तर उलटाच आहे. वर्षभरापेक्षा जुन्या इक्विटी युनिटवर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला टॅक्स नाही, वरच्याला साडेबारा टक्के. एकूण नफा ८ लाख असेल आणि सगळं एकदम विकलं तर टॅक्स ८४,३७५. तोच नफा पाच वर्षांत सारखा वाटून काढला तर पाच वेळा सूट मिळते आणि टॅक्स होतो २१,८७५ (सेस वेगळा). दादाला आता पाच वर्षं मिळणार नाहीत, पण थोडं मार्चच्या आत आणि थोडं एप्रिलमध्ये विकलं तर दोन वेळा तरी सूट मिळेल. फक्त एका फंडातून दुसऱ्या फंडात स्विच मारला म्हणजे विक्री नाही असं समजू नका, टॅक्ससाठी तीही विक्रीच. आणि चालू एसआयपी आजच डेटकडे वळवा, तेवढं विकणं वाचतं.

महागाई खाते, हो खाते. चार-पाच वर्षांत थोडा परतावा हातचा जातो, बऱ्याच वेळा १००% वाल्याकडे शेवटी जास्त पैसे असतील हेही खरं. फक्त डेट म्हणून काहीही घेऊ नका. फीच्या तारखेला मॅच्युअर होणारी एफडी, लिक्विड किंवा मनी मार्केट फंड, बस. एप्रिल २०२० मध्ये एका मोठ्या फंड हाउसने सहा डेट स्कीम एका रात्रीत बंद केल्या होत्या, लोकांचे पैसे अडकले, कारण जास्त व्याजासाठी हलक्या रेटिंगचे कागद भरले होते.

आणि घाबरटांचा सल्ला म्हणे! दादा, तुझं स्वतःचं एनपीएसचं पेन्शन खातं काढून बघ. तू ऑटो चॉइसमधला एलसी ५० ठेवलायस, म्हणजे वयाप्रमाणे इक्विटी आपोआप कमी होणारा पर्याय. त्यात ३५ व्या वर्षापर्यंत ५० टक्के इक्विटी असते, मग दरवर्षी २ टक्के कमी होत ५५ ला १० टक्क्यांवर येते. तू ४६ चा, तुझी आत्ता २८ टक्के असणार. (तिथं शून्य होत नाही कारण रिटायर झाल्यावरही पैसा पंचवीस वर्षं पुरवायचा असतो. फी एकदा भरली की संपली.)

त्याने ॲप उघडलं, २८ च्या आसपासच होते. काल त्याने पहिले चार लाख काढलेत. "हे ग्रुपवर टाकू का?" म्हणाला. टाक म्हटलं, त्याच मेसेजला रिप्लाय म्हणून टाक.