सर्दीच्या सिरपमध्ये लपलेलं पॅरासिटामॉल

“तापाचं औषध वेगळं, सर्दीचं वेगळं. दोन्ही एकदम द्या, काही होत नाही. ताप उतरला नाही तर दोन तासांनी परत द्या. पॅरासिटामॉल सौम्य असतं, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं.”

हा मेसेज माझ्या धाकट्या बहिणीने विश्वासाने पुढे पाठवलाय, आणि तिच्या घरात दहा किलोचं लेकरू आहे. म्हणून लिहिणं भाग आहे.

सर्दीच्या कित्येक सिरपमध्ये आणि गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणाऱ्या औषधासोबत पॅरासिटामॉलही असतं. मोठ्या अक्षरांत ‘सर्दी’ लिहिलेलं असतं. पॅरासिटामॉल, किंवा त्याचंच दुसरं नाव अॅसिटामिनोफेन, मागच्या बारीक अक्षरांत सापडतं.

आता याच बाळाचा हिशोब करा. योग्य डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. तापाच्या सिरपच्या ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असेल, तर ३ मिली म्हणजे १५० मिलिग्रॅम. दिवसातून चारदा दिलं की ६००. इथवर ठीक. त्यात सर्दीचं सिरप ५ मिली, चारदा. त्याच्या ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असेल, तर आणखी ५००. एकूण ११००, म्हणजे किलोमागे ११०. दोन्ही बाटल्या अगदी मापाने दिल्या तरी हे होतं. अमेरिकेतल्या विषबाधा नियंत्रण केंद्रांच्या संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेनुसार, सहा वर्षांखालच्या मुलाला सलग तीन दिवस किंवा जास्त रोज किलोमागे १०० मिलिग्रॅम वा अधिक गेलं असेल, तर दवाखान्यात न्यायचं. सर्दी-ताप तीन दिवस सहज चालतो.

लघवीचं म्हणाल तर अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. बहुतेक औषध यकृतात निष्प्रभ होऊन लघवीतून जातं. पण थोड्या भागाचं विषारी द्रव्य बनतं, आणि ते निकामी करायला यकृतातलं ग्लुटाथायोन लागतं. डोस वाढला की विष जास्त बनतं आणि हा साठा संपत जातो. तापात न जेवलेल्या मुलाकडे तो आधीच कमी असतो. मग विष यकृताच्याच पेशी मारतं. एखादा डोस चुकून थोडा जास्त गेला तर सहसा काही होत नाही, हेही खरं. घात होतो तो रोजच्या बेरजेने.

दोन तासांनी परत? अजिबात नाही. दोन डोसांत किमान चार तास हवेत, तेही दिवसातून जास्तीत जास्त चार-पाच वेळा. आणि दोन्ही बाटल्यांची बेरीज धरून.

मूल खेळतंय म्हणून निर्धास्त होऊ नका. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही, किंवा नुसत्या उलट्या आणि मलूलपणा. तो आजाराचाच वाटतो. यावर उतारा आहे, अॅसिटिलसिस्टीन. एकदम मोठा डोस पोटात गेला असेल तर हा उतारा आठ तासांच्या आत सुरू झालेला उत्तम. तेव्हा संशय आला तर कावीळ दिसायची वाट न पाहता दोन्ही बाटल्या घेऊन दवाखाना गाठा.