नसबंदी झाली, तरी दिवस कसे गेले?

«पुरुषांच्या नसबंदीचं तुम्ही कौतुक करता. आमच्या खानापूर भागात एकानं १० जानेवारीला ऑपरेशन करून घेतलं आणि एप्रिलमध्ये बायकोला दिवस गेल्याचं कळलं. घरात नको ते बोललं गेलं. त्यापेक्षा बाईचं ऑपरेशन बरं, झालं की काळजी मिटली.»

त्या बाईवर संशय घेणाऱ्यांनी आधी तारखा मांडून बघाव्यात. समजा १५ एप्रिलच्या सोनोग्राफीत सहा आठवडे निघाले. हे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे पाळी ४ मार्चची आणि गर्भ राहिला साधारण १८ मार्चला. ऑपरेशनला तेव्हा जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. एवढ्या अवधीत नवऱ्यापासूनच दिवस जाऊ शकतात.

बिनटाक्याच्या नसबंदीत अंडकोषाची कातडी इंजेक्शननं बधिर करतात, लहानसं छिद्र पाडून दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या बाहेर घेतात आणि कापून बांधतात. नवे शुक्राणू तिथं अडतात, पण कापलेल्या जागेच्या पुढं आधीच पोचलेले वीर्यातून हळूहळूच बाहेर पडतात. म्हणून तीन महिने प्रत्येक वेळी निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासायचं. नुसते तीन महिने उलटून भागत नाही. शुक्राणू नाहीत असा रिपोर्ट हातात आला की निरोध सोडायचा. दिसले, तर निरोध चालू ठेवून पुन्हा तपासणी. हलते शुक्राणू सहा महिन्यांनंतरही दिसत राहिले, तर ऑपरेशन पुन्हा करावं लागू शकतं.

गडबड होते ती बहुधा इथंच. आठवड्याभरात दुखणं थांबतं, माणूस कामाला लागतो, नमुना द्यायला लाजतो आणि तपासणी राहून जाते. म्हणून समुपदेशनाला नवरा-बायको दोघं हवीत आणि तपासणीची तारीख दोघांना ठाऊक हवी. संमतीपत्र कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल, तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. या जोडप्यानंही आता वीर्य तपासून घ्यावं, म्हणजे पुढं काय करायचं ते ठरवता येईल.

बाईच्या ऑपरेशनला अशी तीन महिन्यांची वाट नसते, हे तुमचं बरोबर. सिझेरियन होणारच असेल आणि तिनं आधीच विचारपूर्वक ठरवलं असेल, तर त्याच वेळी नळ्या बांधून घेणं सोयीचं. एरवी मात्र त्यासाठी पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण घालावी लागते. पोटातलं ऑपरेशन म्हटलं की भूल, रक्तस्राव आणि आतड्याला इजा यांचा धोका थोडा का होईना, आलाच. शिवाय ‘झालं की काळजी मिटली’ असंही नाही. रिपोर्ट स्वच्छ आल्यावर नसबंदी साधारण दोन हजारांत एकाची फसते, नळ्यांचं ऑपरेशन त्याहून जास्त वेळा. ते फसलं तर गर्भ नळीतच राहण्याची शक्यता वाढते. पाळी चुकून खालच्या पोटात एका बाजूला दुखायला लागलं किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट न बघता तिला दवाखान्यात न्या. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो.