‘डिड नॉट वेन्ट’ मुद्दाम का म्हणायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: लेख वाचला. पोराला आधी चुकीचं वाक्य मुद्दाम म्हणायला लावा, हा सल्ला अजिबात पटला नाही. मी नाशिकरोडला बारा वर्षं स्पोकन इंग्लिशचे क्लास घेतोय. चूक तोंडातून जितक्या वेळा जाईल तितकी पक्की होते, हे कुणीही शिक्षक सांगेल. ‘आय डिड नॉट वेन्ट’ मी एकेका बॅचमध्ये शंभर वेळा दुरुस्त करतो, तरी जात नाही. आता ती स्वतःच वदवून घेऊ? आणि तीस जणांच्या बॅचमध्ये हे प्रयोग करायला वेळ कुणाकडे आहे?

उत्तर:

सर, नवख्या मुलाच्या बाबतीत तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे, आणि लेखात ही मर्यादा मी ठळक लिहायला हवी होती. ज्याला ‘डिड’ कालच कळलंय त्याच्या तोंडून चुकीचं वाक्य वदवून घेऊ नये. त्याची चूक अजून बसलेलीच नाही, ती आपणच बसवून देऊ. माझा सल्ला मुरलेल्या चुकीपुरता आहे. ती ओळखायची खूण सोपी आहे: मुलगा पेपरात ‘डिड नॉट गो’ लिहितो, विचारलं तर नियमही सांगतो, आणि पाच मिनिटांनी गप्पांच्या ओघात ‘डिड नॉट वेन्ट’ म्हणतो. त्याला नियम माहीत आहे. बोलण्याच्या वेगात तो नियम वेळेवर हाताशी येत नाही, एवढीच अडचण आहे.

आधी तुमच्या शंभर दुरुस्त्यांबद्दल. वर्गात बहुतेकदा असं होतं:

“सर, काल आय डिड नॉट वेन्ट टू सीबीएस.”
“डिड नॉट गो.”
“हां सर, डिड नॉट गो. बिकॉज बस डिड नॉट केम.”

पुढच्याच वाक्यात तीच चूक, फक्त क्रियापद वेगळं. मुलाने तुमचे शब्द पुन्हा म्हटले, पण स्वतःच्या वाक्यात काय बिघडलं होतं हे पाहिलंच नाही. अशा हलक्या दुरुस्तीवर कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी अभ्यास केला होता. तो १९९७ साली छापून आला. शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी ५५ टक्के अशा, म्हणजे बरोबर वाक्य नुसतं म्हणून दाखवणाऱ्या होत्या. त्यांना मुलांनी काही तरी प्रतिसाद दिला तो फक्त ३१ टक्के वेळा. शिक्षकाने वाक्य अर्धवट सोडून मुलाकडूनच काढून घेतलं, तेव्हा मात्र प्रत्येक वेळी प्रतिसाद आला आणि जवळपास निम्म्या वेळा मुलाने स्वतः दुरुस्ती केली. म्हणून ‘डिड नॉट गो’ सांगण्याऐवजी “बस डिड नॉट...?” एवढं म्हणून थांबा. खर्च तेवढाच, पण शोधायचं काम मुलावर पडतं.

आता ही चूक आपल्याकडे एवढी चिवट का, ते पाहू. मराठीत ‘तो गेला’ला नुसतं ‘नाही’ जोडलं की ‘तो गेला नाही’ होतं. भूतकाळ ‘गेला’मध्ये होता तिथेच राहतो. प्रश्नातही तसंच, ‘तो गेला का?’ इंग्रजीत मात्र ‘डिड’ आला की भूतकाळ त्याच्याकडे जातो आणि ‘वेन्ट’चं ‘गो’ होतं. मूल ‘ही वेन्ट’ तसंच ठेवतं आणि त्याला ‘डिड नॉट’ चिकटवतं. मराठीच्या हिशोबाने ते अगदी सुसंगत वागतंय. (दोष एकट्या मराठीचा नाही. इतर भाषा बोलणारेही हीच चूक करतात.) शिवाय चुकीचा फटका कुणालाच बसत नाही. ‘ट्रक डिड नॉट केम’ ऐकणाऱ्याला ट्रक आला नाही हे कळतं आणि तो लगेच दुसरा ट्रक पाठवतो. काम झालं, मग मेंदूने ते वाक्य का बदलावं?

एक आधार मराठीतच सापडतो. ‘तो जात नव्हता’ या वाक्यात भूतकाळ ‘नव्हता’ने उचलला आणि ‘जात’ तसंच राहिलं. मुलाला एकदा हे दाखवा: “डिडन्ट हा ‘नव्हता’सारखा वागतो, काळाचं ओझं तो घेतो.” पण हे भाषांतर म्हणून देऊ नका. ‘जात नव्हता’ आणि ‘डिडन्ट गो’ यांचा अर्थ वेगळा आहे. काळ कुठे बसतो एवढंच दाखवायचं.

चूक मुद्दाम करून मोडायची ही कल्पना जुनी आहे. नाइट डनलॅप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला टंकलेखन करताना टी-एच-ईच्या जागी एच-टी-ई टाइप करायची सवय लागली होती. त्याने तीच चूक जाणीवपूर्वक टाइप करून सवय मोडली आणि १९२८ साली त्यावर लिहिलं. पुढे ऑस्ट्रेलियात हॅरी लिंडन यांनी याला शिकवण्याची घट्ट रीत दिली, ‘जुनी वाट, नवी वाट’. त्यांचं म्हणणं असं की, आधी शिकलेली गोष्ट नंतर शिकलेल्या गोष्टीला आठवणीतून ढकलून बाहेर काढते. म्हणून जुन्या वाटेला बगल देऊन नवी नुसती पक्की करत बसण्यात फायदा नाही. दोन्ही शेजारी ठेवून फरक मुलाच्या तोंडून यायला हवा.

समजा, दिंडोरीजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमधला सुपरवायझर तुमच्याकडे येतो. हंगामात त्याला परदेशी खरेदीदाराशी फोनवर बोलावं लागतं. पहिल्या दिवशी काही शिकवू नका. “काल ठरलं होतं त्यातलं काय काय झालं नाही, ते सांग” असं विचारा आणि तीन मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करा. प्रश्न मुद्दाम असा ठेवायचा, नाहीतर नकार टाळून तो सुटतो. मग दोनच आकडे मोजा: नकार किती ठिकाणी हवा होता, आणि किती ठिकाणी चुकला. समजा, दहापैकी आठ चुकले. हा आकडा लिहून ठेवा, पुढचं सगळं याच्याशी ताडायचं.

दुसऱ्या दिवशी त्याच रेकॉर्डिंगमधलं त्याचंच एक वाक्य घ्या. आधी तो म्हणेल: “जुनं: कंटेनर डिड नॉट लेफ्ट.” मग: “नवं: कंटेनर डिडन्ट लीव्ह.” आणि मग फरक, मराठीतून, स्वतःच्या शब्दांत: “जुन्यात मी भूतकाळ दोनदा लावला. नव्यात तो डिडन्टमध्येच आला.” एवढं झालं की एक फेरी. अशा पाच फेऱ्या, त्याच वाक्यावर. त्यानंतर जुनं पूर्ण बंद आणि फक्त नव्या पद्धतीची सहा वेगळी वाक्यं: ट्रक डिडन्ट कम, लेबर डिडन्ट टेक लंच, असं. सगळं मिळून दहा-बारा मिनिटांचं काम.

तुमची भीती खरी ठरते ती इथे. ‘जुनं’, ‘नवं’ ही चिठ्ठी लावायची राहिली किंवा फरक सांगणं गाळलं, तर उरतो तो चुकीचा निव्वळ सराव, आणि मग चूक तुम्ही म्हणता तशी पक्की होते. फरक शिक्षकाने सांगून टाकला तरी उपयोग नाही. पाचव्या फेरीतही तो फरक पाठ केल्यासारखा पहिल्याच शब्दांत सांगत असेल, तर वाक्य बदलून दोन फेऱ्या जास्त घ्या. आणि एका वेळी एकच चूक. ‘डिड नॉट’बरोबर ‘आय अॅम हॅविंग’ही घेतलं की दोन्ही अर्धवट राहतात.

क्रियापदं निवडताना एक बारकावा. सुरुवात कम, गो, टेक, लीव्ह अशांनी करा. ‘डिड नॉट केम’ ही चूक कानाला लगेच कळते. ‘डिड नॉट रीच्ड टू’मध्ये शेवटचा ‘ट’ पुढच्या शब्दात मिसळून जातो. मुलालाही ऐकू येत नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही. अशी क्रियापदं दुसऱ्या आठवड्यात.

वेग मात्र वेगळा वाढवावा लागतो, कारण चूक वेगातच राहते. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्यामुळे माहीत झालेली ४-३-२ ची रीत इथे चांगली चालते. तीच हकीकत तीन वेगळ्या जणांना सांगायची, आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. नकार वाढतील असाच विषय द्या. पण चार मिनिटांच्या फेरीनंतर थांबून चुकलेली वाक्यं त्याच्याकडूनच सुधारून घ्या, नाहीतर उरलेल्या दोन फेऱ्यांत तीच चूक जास्त वेगाने घोटली जाईल.

आता तीस जणांचा प्रश्न. प्रत्येकाशी स्वतः बसायची गरज नाही. जोड्या लावा. एक बोलेल, दुसरा वहीत दोन रकान्यांत खुणा करेल, ‘बरोबर’ आणि ‘चूक’. मोजणाऱ्याने मध्ये टोकायचं नाही. पुढच्या बाकावरच्या चुणचुणीत मुलाला टोकायची फार हौस असते, त्याला आधी आवरा. जुनं-नवंच्या फेऱ्याही जोडीतच घ्या, सगळ्या वर्गासमोर नको. चुकीचं वाक्य वर्गासमोर म्हणायला लागलं की हशा होतो आणि मुलगा फरक सांगायचा विसरतो. सुरुवातीची दहा मिनिटं आठवड्यातून दोनदा पुरतात. ज्यांची ही चूक मुरलेलीच नाही त्यांना या जोड्यांत बसवू नका, त्यांना दुसरं काम द्या.

पुन्हा तपासणी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने, पहिल्याच प्रश्नावर, आधी न सांगता. चूक एकदम नाहीशी होत नाही. आधी तो वाक्याच्या मध्येच अडेल, “डिड नॉट लेफ्ट... लीव्ह.” ही प्रगती आहे, तिला चुकीच्या रकान्यात टाकू नका, तिसरा रकाना करा. मग ‘डिडन्ट’नंतर क्षणभर थांबेल आणि बरोबर बोलेल. ते थांबणं गेलं की झालं. दमलेला असताना, चिडलेला असताना, किंवा सगळं लक्ष नव्या अवघड विषयात गुंतलं असताना जुनं रूप परत डोकावतं. अशा परतीबद्दल भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी १९७२ सालीच लिहून ठेवलंय. पॅकहाउसच्या माणसाची खरी कसोटी म्हणूनच क्लासमध्ये नाही. माल रिजेक्ट झाल्याचा फोन येतो तेव्हा तो काय बोलतो, त्यात आहे. तसा प्रसंग क्लासमध्ये उभा करा: तुम्ही चिडलेले खरेदीदार व्हा आणि त्याला उत्तरं द्यायला लावा.

एक उलटा धोका आहे, तो बहुतेक जण पाहत नाहीत. ‘गो’ आणि ‘कम’चा एवढा सराव झाल्यावर काही जण साध्या भूतकाळातही ‘यस्टर्डे द ट्रक कम’ म्हणायला लागतात. म्हणून दुसऱ्या दिवसापासूनच होकार आणि नकार जोडीने म्हणवून घ्या, “द ट्रक केम अॅट सिक्स. इट डिडन्ट कम अॅट फोर.” आणि महिन्याच्या तपासणीत नकारांबरोबर होकारही मोजा. नकार सुधारले आणि होकार बिघडले असतील, तर नुसत्या नकारांचा सराव थांबवून आठवडाभर फक्त ही जोडवाक्यंच घ्या.