सा रे ग प ध, आणि पुढे काय?

पुण्यात मैफलीची खरी परीक्षा मध्यंतरात, वड्याच्या रांगेत होते. पुढचे काका मागे वळून विचारतात, "पहिला राग कुठला होता हो?" इथे "छान गायले" हे उत्तर चालत नाही. गायकाने राग सांगितलेला नसतो, आणि सांगितला असेल तर तेव्हा आपण खुर्चीसाठी भांडत असतो. आपल्याकडे शिल्लक असतं ते एवढंच: वातावरण शांत, भारदस्त होतं, सूर 'सा रे ग प ध सां' असे चढत गेले, आणि एक जागा, म्हणजे सुरांची एक लकेर, कानात अडकून बसली आहे.

यातला भाव मी सरळ बाजूला ठेवतो. विलंबित एकतालात पहिली वीस मिनिटं कुठलाही राग भारदस्तच वाटतो, आणि द्रुत सुरू झाली की तोच राग खट्याळ होतो. भावापेक्षा घड्याळ बरं.

आरोह जरा जास्त विश्वासू, पण एका अटीवर: 'सा' सांभाळून घरी न्यायचा. इथेच बहुतेकांचा घात होतो. तानपुरा मागे राहतो, कर्वे रस्त्यावरचे हॉर्न आपापला षड्ज लावून जातात, आणि घरी पोचेपर्यंत आपण भलत्याच सुरावरून गुणगुणत असतो. खात्री करायची तर पेटी उघडा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. काळी तीनला सा धरलं तर सा रे ग प ध मिळतात, म्हणजे भूपाचे सूर. पट्ट्या त्याच ठेवून काळी एकला सा म्हटलं की दुर्गा, काळी पाचला म्हटलं की मालकंस! बोटं तीच, पट्ट्या त्याच, फक्त सा हलला. म्हणून नाट्यगृहातून बाहेर पडण्याआधी फोनमध्ये आधी सा गुणगुणून ठेवायचा आणि मग ती जागा. नुसती जागा ठेवली तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपण आत्मविश्वासाने चुकतो. (काका न गुणगुणताही चुकतात, पण त्यांचा आत्मविश्वास जुना आहे.)

समजा, सा शाबूत आला. तरी 'सा रे ग प ध सां' या चढावर तीन राग हक्क सांगतात: भूप, देशकार आणि शुद्ध कल्याण. देशकार हा सकाळचा राग, त्यामुळे संध्याकाळच्या मैफलीत तो बहुधा आपोआप बाद होतो. रविवारी सकाळची बैठक असेल तर मात्र सांभाळा. देशकारात गाणं वरच्या अंगाला रमतं, धैवतावर पुन्हा पुन्हा थांबतं, आणि रिषभ येतो तो घाईघाईत. भूपात थांबा गंधारावर असतो.

उरले भूप आणि शुद्ध कल्याण, आणि खरा घोळ इथे आहे. दोघांचा आरोह तोच, वेळही रात्रीच्या पहिल्या प्रहराची, आणि वादी, म्हणजे रागाचा मुख्य सूर, तोही गंधारच. 'गंधारावर फार थांबले' असं सांगून तुम्ही काहीच सांगितलेलं नसतं. आता ती अडकलेली जागा कामाला येते, आणि तीही उतरतानाची हवी.

जागा 'ध प ग, रे सा' अशी असेल तर पंचमावरून गंधारावर येताना काय झालं ते आठवा. गळा सरळ प वरून ग वर आला असेल तर भूप. मधे किंचित घसरला असेल, म्हणजे मींडेत तीव्र मध्यमाला नुसता स्पर्श करून गेला असेल, तर शुद्ध कल्याण. वरच्या सा वरून धैवतावर येतानाही असाच निषाद पुसटसा लागतो. तो वेगळा ऐकू येईलच असं नाही. काही गायक हे दोन सूर इतके झाकून ठेवतात की भूपच वाटावा, तर काहींच्या उतरत्या तानेत निषाद उघडच दिसतो.

मींड धरता आली नाही तर आणखी दोन खुणा पाहायच्या. शुद्ध कल्याणात 'प रे सा' असा पंचमावरून थेट रिषभाकडे झोका येतो. शिवाय गाणं मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, खोल उतरून पंचमापर्यंत जाऊन बसतं. भूप मंद्रात धैवताला शिवून 'सा रे ग' करत लगेच वर येतो.

म्हणजे समजा, फोनमध्ये सा आहे, त्यामागे 'ग रे सा', मग मंद्रातला निषाद, धैवत आणि पंचम, आणि शेवटी 'प रे सा'. भूपात निषाद नाहीच, त्यामुळे तो बाद. शुद्ध कल्याण!

हे पक्कं करून दुसऱ्या दिवशी काकांना फोन लावायचा. पलीकडून उत्तर येतं, "शुद्ध कल्याण? छे! जैत कल्याण असणार. पंचम बघितलात का त्यांचा?"

जैत कल्याणातही मध्यम-निषाद नाहीत आणि पंचम प्रबळ असतो. तो मंद्रातला निषाद खरंच लागला होता का, हे बघायला पेटी पुन्हा उघडावी लागते.