स्क्रीनशॉट खरा असेल हो, पण मजकूर कुणाचा?

«हा स्क्रीनशॉट एडिट केलेला नाही. भाषांतर मोबाईलने केलंय, माणसाने नाही, म्हणून त्यात कुणाची बाजू नाही. अर्थ कळला म्हणजे झालं, मूळ कन्नड बघायची गरज नाही. शंका असेल त्याने स्वतः तपासावं. पुढे पाठवा.»

कर्नाटकालगतच्या सीमाभागातल्या ग्रुपांवर हे शेपूट लावून कन्नड निरोपांच्या भाषांतराचे कसलेही स्क्रीनशॉट फिरतायत. आमच्या उदगीरच्या मामांपर्यंत असाच एक आला तो बिदरकडच्या एका आडत दुकानाचा निरोप म्हणून. वर दुकानाचं नाव, खाली स्वच्छ मराठीत: «सोयाबीन वाळवून आणू नका.» मामांनी ताडपत्रीवर पसरलेला माल गोळा केला, पोत्यात भरला, गाडीत टाकला. तिथं पोहोचेपर्यंत पोत्याच्या मधोमध हात घातला तर आत ऊब लागत होती. आडत्यानं ओल मोजली अन् दर पाडला. हमीभावाच्या खरेदीचा निकष १२ टक्के ओलाव्याचा. खासगी आडत्या तेवढा काटेकोर नसतो, पण ओला माल कोरड्याच्या दरानं कोण घेईल? मामा चिडले, «तुम्हीच कळवलं की!» आडत्यानं स्वतःचा मोबाईल पुढं केला. त्यात होतं «ओणगिसदे तरबेडि», म्हणजे न वाळवता आणू नका. दोन नकारांतला एक भाषांतरात गळाला होता.

आता एकेक दावा घेतो.

एडिट केलेला नाही, हे मान्य. मामांकडच्या चित्रात कुणी खाडाखोड केली नव्हती. पण त्यावरून एवढंच ठरतं, की कुणाच्या तरी मोबाईलवर त्या वेळी ही मराठी अक्षरं दिसली. आडत्यानं ती लिहिली, हे ठरत नाही. भाषांतर दाखवताना ॲप बहुतेक वेळा मजकुराखाली बारीक अक्षरात तसं सांगतं, मूळ मजकूर बघायची सोयही देतं. स्क्रीनशॉट काढणारा नेमकी तीच ओळ कापतो, कारण ती शोभत नाही. उरतं काय, तर माणसाचं नाव, त्याचा फोटो अन् त्यानं कधीच न लिहिलेली मराठी. चित्रात बोट ठेवून खालचं कन्नड उघडता येत नाही. आडत्याचीच टायपिंगची चूक होती की मशीनची, हेही मग कळायला मार्ग नाही. «ओणगिसदे» म्हणजे न वाळवता, «ओणगिसि» म्हणजे वाळवून, फरक तो केवढा! आमच्याकडे निवाडा झाला तो मूळ निरोप आडत्याच्या मोबाईलमध्ये शिल्लक होता म्हणून.

मशीनला बाजू नसते, या दाव्यावर मात्र माझं डोकं फिरतं. बाजू नसेल, पण मशीन बिनदिक्कत माणूस मारतं. जुलै २०२५ ची गोष्ट घ्या. ज्येष्ठ अभिनेत्री बी. सरोजादेवी १४ तारखेला वारल्या. कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या अंत्यदर्शनाला गेले, तशी कन्नड पोस्ट फेसबुकवर पडली. तिचं आपोआप झालेलं इंग्रजी भाषांतर साधारण असं वाचलं जात होतं: «मुख्यमंत्री सिद्धरामय्या काल वारले बहुभाषा तारका ज्येष्ठ अभिनेत्री बी.» इथं पूर्णविराम. पुढं नवं वाक्य: «सरोजादेवींच्या पार्थिवाचं दर्शन घेऊन अखेरचा निरोप दिला.»

ते वाक्य तुटलंय कुठं बघा. «बी.» नंतर. आद्याक्षरापुढच्या टिंबाला मशीननं पूर्णविराम समजलेलं दिसतंय. कन्नड वाक्याची ठेवण आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी. कर्ता आधी येतो, मग «काल वारलेल्या» हे नटीचं विशेषण, मग नटीचं नाव अन् सगळ्यात शेवटी «निरोप दिला». वाक्य मधेच कापलं की पहिल्या तुकड्यात क्रियापदच उरत नाही. मराठीत कर्त्याला «यांनी» लागलं असतं, त्यावरून काही सुगावा लागला असता. कन्नडमध्ये कर्त्याला तसा प्रत्यय लागत नाही. मग तुकड्यात जे क्रियेसारखं दिसलं, ते «वारलेल्या», मशीननं उचललं अन् पहिल्या नावाला चिकटवलं. हा माझा अंदाज, पण तुटलेल्या जागेकडं बघून दुसरं कारण सुचत नाही.

मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयानं फेसबुकच्या मालक कंपनीला, मेटाला, पत्र लिहिलं. आपण वाचतोय ते सदोष भाषांतर आहे, मूळ निवेदन नव्हे, हे पुष्कळ लोकांना कळतच नाही, ही त्यातली तक्रार. भाषांतर भरवशाचं होईपर्यंत कन्नडसाठी ही सोय बंद ठेवा, अशी मागणीही केली. मेटानं चूक दुरुस्त केल्याचं सांगून माफी मागितली. मुख्यमंत्र्याच्या पोस्टला मागं पत्र लिहिणारं कार्यालय असतं. आडत्याच्या निरोपाला कोण आहे?

बरं, मशीन गाळतं तसं पदरचं घालतंही, अन् ते तर कुणाच्या लक्षातच येत नाही. कन्नडमध्ये «नानु होदे» बाईही म्हणते, बाप्याही म्हणतो. मराठीत «मी गेलो» की «मी गेले» हे ठरवल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही, म्हणून मशीन ठरवून टाकतं, अन् बहुधा गडी माणूस धरतं. «नावु»चं आम्ही करायचं की आपण? «आम्ही पैसे भरू» अन् «आपण पैसे भरू» यात कुणाच्या खिशाला हात लागतो ते ग्रुपवरच्या कुणालाही विचारा. बऱ्याच यंत्रणांत कन्नडचं आधी इंग्रजी होतं अन् मग मराठी. त्या मधल्या टप्प्यात «नीनु» अन् «नीवु» एकाच शब्दात जातात, बाहेर येताना तू की तुम्ही हे नव्यानं ठरतं. मग ग्रुपवर बोंब उठते, आडत्या म्हाताऱ्या माणसाला अरेतुरे करतो म्हणून.

अर्थ कळला म्हणजे झालं? अर्धवट खरंय. दर, तारीख, फोन नंबर बहुतेक वेळा नीट उतरतात, विषय काय आहे तेही समजतं. मी स्वतः तेवढ्यासाठी भाषांतर वापरतो. पण मामांचं नुकसान आकड्यात नव्हतं, एका नकारात होतं.

राहिलं «स्वतः तपासावं». कशावर तपासावं? स्क्रीनशॉटमधली मराठी परत कन्नड केली की मूळ वाक्य मिळत नाही, चुकीच्या मराठीचं कन्नड मिळतं. वाळवून आणू नका, हेच कन्नडमध्ये. मूळ पोस्ट सापडली तरी घोळ आहेच, कारण भाषांतराची यंत्रणा अधूनमधून बदलते. सिद्धरामय्यांच्या प्रकरणात दुरुस्तीनंतर पोस्ट बघणाऱ्याला नीट वाक्य दिसलं असेल तर तो म्हणणार, स्क्रीनशॉट बनावट. अन् स्क्रीनशॉट तर खराच होता.

म्हणून पाठवायचंच तर मूळ निरोप जसाच्या तसा फॉरवर्ड करा. नाहीच जमलं तर दोन स्क्रीनशॉट द्या, एक भाषांतराआधीचा अन् एक नंतरचा, खालची बारीक ओळ न कापता. उदगीरला, देगलूरला कन्नड वाचणारा माणूस शोधायला कितीसा वेळ लागतो? मामांच्या गल्लीत दोन घरं कन्नड बोलतात. पोती भरायच्या आधी त्यांना नुसती हाक मारायची होती, पण हाक मारून दाखवायचं काय? मामांच्या मोबाईलमध्ये कन्नडचं एक अक्षर नव्हतं.