चार मिनिटांचा एक अंश

आठवीच्या वर्गात फळ्यावर 'पाय चार्ट' हे दोन शब्द लिहिले की पहिली पाच मिनिटं बाकाखाली जातात. छत्तीस मुलं, म्हणजे बहात्तर पाय. कोणी उगाच आपला पाय पुढे काढतं, कोणी शेजाऱ्याचा ओढतं. हा 'पाय' इंग्रजी खाऊचा आहे, हे समजावून होईपर्यंत पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीचा हात वर असतो, "मॅडम, पायची किंमत बावीस सप्तमांश घ्यायची का?" तो पाय वेगळा, हा वेगळा. शेवटी मी फळा पुसून शुद्ध मराठीत 'वृत्तालेख' लिहिलं. तेव्हा मागून आवाज आला, "म्हणजे बातम्या का?"

दरवर्षी मी पुस्तकातलं तयार उदाहरण सोडवून घ्यायची. त्यातला मुलगा आठ तास झोपतो, सहा तास शाळेत असतो, सगळे आकडे पूर्ण तासांत, आणि कोन कसे आज्ञाधारकपणे पडतात. या वर्षी मला अवदसा आठवली. म्हटलं, वर्गाचंच सर्वेक्षण करू. दिवसातले चोवीस तास कुठे जातात, ते मुलांनीच सांगावं.

"तुम्ही रोज काय काय किती तास करता ते लिहा," असं सांगून कागद वाटले. ही पहिली चूक. 'रोज' म्हटलं की माणूस आपल्याला आवडणारा दिवस लिहितो. वर्गातली अकरा मुलं रोज पाच वाजता उठून व्यायाम करतात, ही माहिती मला त्या दिवशी नव्यानं मिळाली. ती अकराही जणं पहिल्या तासाला जांभया का देतात, याचा उलगडा मात्र झाला नाही.

दुसरा गोंधळ बेरजेचा. एकाचा दिवस एकोणतीस तासांचा निघाला. झोप आठ, अंथरुणात दहा, मोबाइल चार, शाळा सात. "अरे, अंथरुणात दहा तास म्हणजे त्यातच झोप आली ना?" "हो मॅडम." "आणि मोबाइल?" "तोपण अंथरुणातच." प्रामाणिक मुलगा. फक्त एकच तास त्यानं तीन खात्यांवर मांडला होता. उलट एका मुलीचे सतराच तास भरले. बाकीचे सात कुठे गेले? ती म्हणाली, "मॅडम, बाकीच्या वेळात मी काहीच करत नाही. तुम्ही करता त्याचं विचारलं होतं."

तिचं बरोबर होतं. वृत्तालेख काढायचा तर आधी एक अख्खी वस्तू हवी, आणि तिचे तुकडे असे हवेत की कुठलाही भाग दोनदा मोजला जाणार नाही आणि कुठलाही सुटणार नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला चौकटीच्या वहीतल्या कागदाची एक पट्टी दिली. अठ्ठेचाळीस चौकटी, एक चौकट म्हणजे अर्धा तास. दिवस एकच, कालचा मंगळवार. रंग सहा, आणि नियम एक: एका चौकटीत एकच रंग. टीव्ही बघत जेवलात तर कशात जास्त लक्ष होतं ते ठरवा. "पनीर असेल तर जेवण, दोडका असेल तर टीव्ही," असा ठराव वर्गानं एकमतानं मंजूर केला. पट्टीवर नाव लिहायचं नाही, हेही सांगितलं. त्याबरोबर मोबाइलच्या चौकटी दुपटीनं वाढल्या.

आता बेरीज चुकायची सोयच उरली नाही, कारण पट्टीच चोवीस तासांची. सगळ्यांचे रंग मोजले तेव्हा वर्गाचे एकूण ८६४ तास झाले. झोप २९४, शाळा आणि जाणं-येणं २५२, क्लास आणि अभ्यास १२०, मोबाइल-टीव्ही ८७, खेळ ३०, आणि जेवण-आंघोळ वगैरे इतर ८१. प्रत्येकाला छत्तीसनं भागलं की वर्गाच्या सरासरी मुलाचा मंगळवार तयार. तो ८ तास १० मिनिटं झोपतो, ७ तास शाळेपायी घालवतो, ३ तास २० मिनिटं अभ्यास करतो, २ तास २५ मिनिटं पडद्यापुढे असतो, ५० मिनिटं खेळतो आणि २ तास १५ मिनिटांत बाकी सगळं उरकतो. असा मुलगा वर्गात एकही नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. "मॅडम, हा कोण आहे? याला मॉनिटर करा."

मग कोन. अख्खं वर्तुळ ३६० अंश, अख्खा दिवस २४ तास, म्हणजे एका तासाला १५ अंश. मिनिटांत बोलायचं तर १४४० मिनिटांना ३६० अंश, म्हणून चार मिनिटांचा एक अंश. हे फळ्यावर लिहिताच खिडकीजवळची मुलगी ओरडली, "मॅडम, हे भूगोलातलं आहे! एका रेखांशाला चार मिनिटं!" आणि खरंच की. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणूनच साडेब्याऐंशी रेखांशावरची आपली प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. भाजक तोच, भागाकार तोच. मला हे बावीस वर्षांत सुचलं नव्हतं. मी चेहऱ्यावर मात्र 'तेच तर सांगणार होते' असा भाव आणला. मधल्या सुट्टीत भूगोलाचे सर मला भेटून म्हणाले, "आमचा धडा तुम्ही घेतलात असं कळलं."

मिनिटांना चारनं भागायचं, एवढंच. झोप ४९० मिनिटं, १२२.५ अंश. शाळा १०५. अभ्यास ५०. मोबाइल ३६.२५. खेळ १२.५. इतर ३३.७५. बेरीज बरोबर ३६०. मी खूश.

पण एका गटानं दुसरीच वाट धरली. वर्गात मुलं छत्तीस, ३६० भागिले ३६ म्हणजे १०, म्हणून तासाला दहानं गुणायचं. सोपं. त्यांचं वर्तुळ दोन तृतीयांश भरलं आणि १२० अंश कोरे राहिले. "ही रिकामी जागा कसली?" "मॅडम, फ्री टाइम." आपण वाटतोय काय, मुलं की तास, हे विचारल्याशिवाय भागाकार करू नये. एका मुलाला दहा अंश हे खरं, पण किती जण बसनं येतात आणि किती सायकलनं, असं मुलांची डोकी मोजणारं वर्तुळ असेल तर. इथे आपण तास वाटतोय. ज्याची वाटणी, त्याच्याच बेरजेनं भागायचं. हे त्या गटाला पटलं, पण फ्री टाइम गेल्याचं दुःख झालं.

कोनमापकावर पाव अंश दिसत नाही, म्हणून पूर्ण अंश करायला सांगितले. १२३, १०५, ५०, ३६, १३, ३४. बेरीज ३६१. वर्गात खळबळ. मी समजावलं की गणित चुकलेलं नाही, तीन आकडे वर ढकलले आणि एकच खाली आला, त्याचा हा परिणाम. एक अंश कुठून तरी काढायचा. झोप आणि खेळ दोन्ही अर्ध्यावर होते, म्हणजे न्यायानं दोघांचा हक्क सारखा. पण तेरातला एक गेला तर डोळ्याला जाणवतो, एकशे तेवीसमधला जाणवत नाही. "झोपेतूनच काढा मॅडम," शेवटच्या बाकावरून आवाज आला, "तिला सवय आहे." झोप १२२ झाली.

इथवर मी हसत होते. मग कंपासपेट्या उघडल्या. माझ्या मते या धड्याचं खरं नाव 'कोनमापक' असायला हवं. त्यावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक डावीकडून चढते, एक उजवीकडून. १२२ आणि ५८ एकाच रेघेवर राहतात, वरच्या आणि खालच्या मजल्यावर. निम्म्या वर्गानं मजला चुकवला. त्यांचा सरासरी मुलगा ५८ अंशांत झोप उरकून उठला, आणि शेवटी 'इतर'च्या वाट्याला आले ९८ अंश. म्हणजे साडेसहा तास जेवण आणि आंघोळ. कोन काढण्याआधी तो काटकोनापेक्षा मोठा की लहान एवढं बघायचं, हे मी फळ्यावर चौकटीत लिहिलं. पुढच्या वर्षीही लिहीन.

काहींनी कोनमापकाची शून्याची रेघ सोडून प्लास्टिकची कडाच त्रिज्येवर ठेवली. काहींचा कंपास इतक्या वेळा घसरला होता की वर्तुळाच्या मधोमध केंद्राऐवजी विहीर तयार झाली. प्रत्येक वर्तुळपाकळी आधीच्या पाकळीच्या कडेपासून मोजायची, त्यामुळे प्रत्येकीची चूक पुढचीच्या गळ्यात पडते. म्हणून शेवटची पाकळी काढायचीच नाही. पाच काढायच्या आणि उरलेली मोजायची. ती ३४च्या आसपास, एक-दोन अंश इकडे-तिकडे, आली तर वाचलात. ही युक्ती सांगितल्यावर वर्गातल्या सगळ्यांची शेवटची पाकळी न मोजता ३४ आली.

१८०१ साली विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थानं वृत्तालेख पहिल्यांदा छापला. तुर्की साम्राज्याचा किती भाग युरोपात, किती आशियात आणि किती आफ्रिकेत, हे दाखवायला. पाकळ्या तीनच होत्या आणि आठवीचा वर्ग नव्हता.

वह्या घरी आणल्या. छत्तीस वह्या, प्रत्येकी सहा कोन, म्हणजे २१६ कोन. एका कोनाला अर्धं मिनिट धरलं तरी १०८ मिनिटं, चारनं भागून २७ अंश. माझ्या दिवसातला एवढा तुकडा वर्गाच्या खेळाच्या दुपटीहून मोठा, हे रात्री साडेदहाला ध्यानात येऊ नये ते आलं. नवऱ्यानं डोकावून विचारलं, "अजून किती?" मी म्हटलं, "नऊ अंश." तो झोपायला गेला.

शेवटच्या वहीत हातानं काढलेलं काहीच नव्हतं. संगणकावर केलेला, रंगीत, जाड केकसारखा, मागे कलवलेला त्रिमितीय आलेख छापून चिकटवला होता. अभ्यास सर्वांत पुढे, तोंडावर, घसघशीत. मोबाइल उजव्या कडेला, अंग चोरून. मी कोनमापक ठेवला. मोबाइल १९ अंश भरला, अभ्यास ८५च्या पुढे. आकडे खाली अगदी बरोबर लिहिलेले, ३६ आणि ५०. वर्तुळ कलवलं की ते चपटं होतं, कडेचे कोन आक्रसतात, समोरचे फुगतात, शिवाय समोरच्या तुकड्याची जाडीही दिसते. खोटं काहीच लिहिलेलं नाही, आणि मोबाइल निम्मा झालेला.

सकाळी त्याला बोलावलं. "हा कोणी काढला?"

"पप्पांनी. मी म्हटलं त्यांना, मॅडमनी सपाट काढायला सांगितलंय." तो जरा थांबला. "पण ते म्हणाले, ऑफिसात साहेबांना दाखवायचा असेल तर असाच काढतात."