अमळनेरच्या मावशी, केल्पची डबी आणि टीएसएच

"थायरॉईड म्हणजे अंगातलं आयोडीन संपणं. रोज सकाळी केल्प-सी मॉसच्या दोन गोळ्या घ्या, तीन महिन्यांत इंग्रजी गोळी बंद. शंभर टक्के समुद्री वनस्पती, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं. जपानी माणसं रोज खातात, त्यांना थायरॉईड माहीतच नाही."

शहाद्याच्या चुलतबहिणीनं हे पाठवलं आणि खाली विचारलं, "दादा, घेऊ का?" अमळनेरात आमचं औषधाचं दुकान आहे, त्यामुळे अशा डब्या घेऊन लोक गल्ल्यासमोर येतच असतात. बहिणीला फोनवर सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

आयोडीन संपलंय का, हे आधी मिठाच्या पुडीला विचारावं. पॅकबंद आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत ग्रॅममागे निदान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावं, असा नियम आहे. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं १५० मायक्रोग्रॅम. म्हणजे दहा ग्रॅम मीठ पोटात गेलं की हिशेब मिटला. शिजवताना थोडं उडतं हे धरलं, तरी शेवभाजी आणि बिबडे खाणाऱ्या घरात मीठ कमी पडत नाही. घरात बारा महिने नुसतं सैंधव वापरत असाल तर गोष्ट वेगळी. तिथं कमतरता होऊ शकते, पण त्यावर इलाज दुकानातली मिठाची पुडी आहे.

मग एवढ्या बायकांचा थायरॉईड मंद का? मीठ आयोडीनचं झालेल्या भागांत याचं सगळ्यात नेहमीचं कारण हाशिमोटो. आपल्याच शरीराची संरक्षण यंत्रणा ग्रंथीवर उलटते आणि वर्षानुवर्षं तिची पडझड करत राहते. अँटी-टीपीओ नावाची रक्ततपासणी यासाठीच सांगतात. अशा ग्रंथीला कच्चा माल कमी पडलेला नसतो, तिचं यंत्रच बिघडलेलं असतं. थायरॉक्सिनची गोळी म्हणजे तयार माल, म्हणून ती चालते.

आता लघवीचं. बहुतेक आयोडीन लघवीवाटे जातं, हे खरंच आहे. पण जाण्याआधी ते रक्तातून ग्रंथीपाशी पोहोचतं, आणि घोळ तिथं होतो. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या दारात एकाच वेळी गाड्यांची रांग लागली की आत काम तुंबतं, तसंच. एकदम खूप आयोडीन आत आलं की ग्रंथी हार्मोन बनवणं काही काळ थांबवते. १९४८ साली वुल्फ आणि चायकॉफ यांनी हे दाखवलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. धडधाकट ग्रंथी दोनेक दिवसांत आयोडीन आत ओढणारं दार अरुंद करते आणि काम परत सुरू होतं. हाशिमोटो असलेल्या, पूर्वी ग्रंथीचा काही भाग काढलेल्या किंवा रेडिओआयोडीन घेतलेल्या माणसाच्या ग्रंथीला हे सावरणं बऱ्याचदा जमत नाही. काम थांबतं ते थांबतंच. पोटातल्या बाळाच्या ग्रंथीलाही शेवटच्या महिन्यांपर्यंत हे जमत नाही, म्हणून गरोदरपणात केल्पची डबी घरातही नको.

ज्यांच्या गळ्यात जुन्या गाठी आहेत, त्यांच्यात उलटं होऊ शकतं. गाठीतल्या पेशी कुणाचं ऐकत नाहीत. भरपूर आयोडीन मिळालं की हार्मोन सोडत सुटतात. छाती धडधडणं, हात थरथरणं, वजन उतरणं. साठी ओलांडलेल्या माणसाच्या हृदयाला हे झेपत नाही.

आमच्या मावशींचं सांगतो, त्यांची परवानगी आहे. वय ४८, चार वर्षांपासून थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम चालू. एवढ्या डोसवर भागतं, कारण उरलेलं काम त्यांची स्वतःची ग्रंथी अजून करते. मार्चमध्ये टीएसएच ३.१, म्हणजे उत्तम; ग्रंथी मंदावली की रक्तातला हा आकडा चढतो. जूनमध्ये लेकीनं केल्प मागवून दिलं. त्यांनी इंग्रजी गोळी सोडली नाही, जोडीला दोन केल्प सुरू केल्या. ऑगस्टमध्ये पाय सुजले, जिना चढवेना, दुपारभर झोप. टीएसएच ४१. डॉक्टर डोस दुपटीनं वाढवायला निघाले होते, तेवढ्यात मावशींच्या पिशवीत ती डबी दिसली. "समुद्रना पाला शे डॉक्टर, दवाई थोडी शे!" असं त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी डोस तसाच ठेवला आणि फक्त केल्प बंद केलं. सहा आठवड्यांनी टीएसएच ७.९, बारा आठवड्यांनी ३.६. डबी दिसली नसती तर डोस वाढला असता, पुढं कधी तरी केल्प संपलं असतं आणि मावशींना औषधच जास्त झालं असतं.

त्या डबीवर लिहिलं होतं "केल्प ६०० मिग्रॅ". आयोडीन किती, याचा पत्ता नाही. केल्प ही तपकिरी शेवाळं, ती समुद्रातून आयोडीन ओढून साठवतात, पण किती, ते जातीवर, पाण्यावर आणि वाळवण्यावर ठरतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत बाजारातल्या समुद्री शेवाळांत ग्रॅममागे १६ पासून ८,००० मायक्रोग्रॅमच्या वर आयोडीन सापडलं. मधला आकडा धरू, १,५०० मायक्रोग्रॅम. ६०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ९०० झाले, दोनांत १,८००. गरजेच्या बारापट, तेही मिठाव्यतिरिक्त. अमेरिकेत मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा १,१०० धरतात, युरोपात ६००. सी मॉस ही लाल शेवाळं, त्यात सहसा आयोडीन कमी असतं. पण सी मॉसच्या गोळ्यांत ब्लॅडररॅक मिसळण्याची पद्धत आहे, आणि ते पुन्हा तपकिरी शेवाळंच. डबीवरचा एफएसएसएआयचा नंबर खाद्यपदार्थाच्या परवान्याचा असतो. गोळीमागे किती आयोडीन निघालं, हे त्यावरून कळत नाही.

जपानचा दाखला तर अंगावरच उलटतो. तिथली माणसं लहानपणापासून शेवाळ खातात, ग्रंथी त्या सवयीची झालेली असते आणि बहुतेकांना ते सोसतं. तरीही होक्काइडोच्या किनाऱ्यावर केल्प भरपूर खाणाऱ्या गावांत गळा सुजलेली माणसं मोठ्या संख्येनं सापडली. १९६५ साली ते छापूनही आलं. केल्प कमी केल्यावर काहींची सूज उतरली. आणि हाशिमोटो हे नावच एका जपानी डॉक्टरांचं आहे, त्यांनी १९१२ मध्ये हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला. थायरॉईड माहीतच नाही म्हणे!

गोळ्या आधीच सुरू असतील तर केल्प-सी मॉस थांबवा, थायरॉक्सिन मात्र स्वतःच्या मनानं सोडू नका आणि कमीजास्तही करू नका. सहा आठवड्यांनी टीएसएच करा. धडधड किंवा दम असेल तर सहा आठवडे थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. थायरॉईडचा स्कॅन सांगितला असेल तर केल्प घेत होतो हे आधी बोला, नाहीतर स्कॅनमध्ये ग्रंथी काहीच ओढत नाही असं दिसतं. डबी केसांसाठीची असेल तर तिच्यात बायोटिन आहे का तेही बघा, कारण जास्त बायोटिननं काही लॅबच्या यंत्रांवर टीएसएच खोटा कमी दिसतो. निदान दोन दिवस ते बंद ठेवून मगच रक्त द्या, आणि डबी सोबत न्या.